ऑक्टोबरात थांबायचं, ऑक्टोबरात परतायचं: ठरवून घेतलेल्या एका वर्षाचा हिशेब

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी माझा मामेभाऊ मुलुंडहून आमच्याकडे आला तो हातात मुलाची शंभर पानी वही घेऊनच. तो स्ट्रक्चरल इंजिनियर. एकूण तेरा वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची सात पवईच्या एका कन्सल्टन्सीत. गुहागर तालुक्यातलं आमच्या मामांचं जांभ्याचं घर वाळवीने आतून पोखरलंय, मामी तिथे एकट्याच असतात, आणि याला पुनर्विकासाच्या टॉवरांचे तेच ते पोडियम करून कंटाळा आलेला. "ताई, वर्षभर थांबायचं म्हणतोय. घर स्वतः उभं राहून दुरुस्त करतो, मग परत येतो. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून. आर्थिक वर्ष संपलं की सगळं सुटसुटीत."

मी गेली चौदा वर्षं इंजिनियरिंग कंपन्यांसाठी माणसं निवडते. २०२२ मध्ये मी स्वतःही वर्षभर थांबले होते, आणि तेही १ एप्रिललाच, याच सुटसुटीतपणाच्या मोहाने. म्हणून त्याचं बाकीचं काहीही ऐकण्याआधी मी वहीतली ती तारीख खोडली.

पहिली पायरी: तारीख

आयकर आर्थिक वर्षावर बसतो, तुमच्या सुट्टीवर नाही. एप्रिल ते मार्च थांबलात तर एका आर्थिक वर्षात उत्पन्न शून्य आणि पुढच्या वर्षात पूर्ण पगार, पूर्ण कर. तेच ऑक्टोबर ते सप्टेंबर थांबलात तर दोन्ही आर्थिक वर्षांत अर्धा-अर्धा पगार येतो. कराचे टप्पे चढते असल्यामुळे दोन अर्ध्यांवरचा कर एका पूर्णावरच्या करापेक्षा कमीच भरतो.

भावाचा करपात्र पगार महिना १,८०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २१,६०,०००. नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. ती काढली की उरतात २०,८५,०००. यावर २०२५-२६ च्या दरांनी उपकरासह २,३०,१०० रुपये कर होतो. आता अर्धं वर्ष धरा. पगार १०,८०,०००, वजावटीनंतर १०,०५,०००. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे थांबतानाच्या वर्षीही शून्य, आणि दर असेच राहिले तर परततानाच्या वर्षीही शून्य. त्याच बारा महिन्यांच्या सुट्टीत नुसती तारीख हलवून सव्वादोन लाखांहून जास्त वाचले.

यात दोन खाचा आहेत. बारा लाखांच्या त्या मर्यादेत मुदत ठेवींचं व्याज आणि जूनमध्ये मिळणारा बोनसही मोजला जातो, त्यामुळे ज्यांचा पगार भावापेक्षा जास्त आहे त्यांनी आधी बेरीज करून बघावी. मर्यादा थोडीशीच ओलांडली तर कर ओलांडलेल्या रकमेपेक्षा जास्त लागत नाही, पण खूप ओलांडली तर सवलत गेलीच. दुसरी खाच म्हणजे शेअर किंवा शेअर बाजारातले म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावरचा कर या सवलतीत माफ होत नाही. खर्चासाठी फंड विकायचे असतील तर तो हिशेब वेगळा मांडा.

शिवाय कंपनी एप्रिलपासून दर महिन्याला कर कापते तो तुम्ही वर्षभर राहणार असं धरून. भावाचे महिन्याला साधारण १९,००० कापले जात होते. शेवटच्या महिन्यात कंपनीने नवा हिशेब करून कापणं थांबवलं, पण आधीच्या पाच महिन्यांचे जवळपास ९५,००० सरकारजमा झालेच होते. ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यानंतर, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात. हे पैसे सुट्टीच्या सुरुवातीच्या खर्चात धरायचे नाहीत.

ऑक्टोबर निवडायला कराखेरीज आणखी दोन कारणं होती. जून-जुलैत बोनस आणि पगारवाढ हातात पडली की माणसं राजीनामे देतात, त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागा जुलै ते सप्टेंबरात भरायला निघतात. तुमची शोधाशोध नेमकी त्या वेळी पडते. आणि कोकणातल्या घराचं छप्पर उघडायचं तर पाऊस गेल्यावर, मिटवायचं तर पाऊस यायच्या आत. हे दुसरं कारण मी काढलं नाही, मामींनी फोनवर काढलं.

दुसरी पायरी: बारा नव्हे, सोळा महिने

लोक बारा महिन्यांचा खर्च साठवतात आणि दहाव्या महिन्यात घाबरून मिळेल ती नोकरी धरतात. व्यावसायिक जागा हातची जाते ती खरं तर इथे, कौशल्य गंजून नव्हे. मुलाखती आणि ऑफर यात तीन महिने सहज जातात, आणि रुजू झाल्यावर पहिला पगार महिनाअखेरीला येतो. म्हणून बारा अधिक तीन अधिक एक.

भावाच्या घरचा महिन्याचा खर्च असा निघाला: घराचा हप्ता ४२,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ५,५००, किराणा-भाजी-दूध १४,०००, मुलाची शाळा ९,०००, वीज-गॅस-इंटरनेट ४,५००, मामींची औषधं ६,०००, विम्याचे हप्ते महिन्यावर आणून ५,५००, बाकी किरकोळ ८,५००. एकूण ९५,०००. वहिनींचा पगार हातात ४५,००० येतो, म्हणजे महिन्याला ५०,००० कमी. सोळा महिन्यांचे ८ लाख. घरदुरुस्तीतला त्याचा स्वतःचा वाटा दीड लाख, बाकीचा खर्च मामी करणार होत्या. तर साडेनऊ लाख.

त्यातले चार लाख ग्रॅच्युइटीने भरून काढले. ग्रॅच्युइटीचं गणित तेव्हा सोपं होतं: शेवटचा मूळ पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. पण वर्षं मोजताना सहा महिन्यांहून जास्त झालेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. हा १ मार्च २०१८ ला लागला होता. ३० सप्टेंबरला सात वर्षं सात महिने भरले, म्हणून आठ मोजली गेली. मूळ पगार ९०,०००, त्यामुळे ४,१५,३८५ रुपये, आणि या रकमेवर कर नाही. ऑगस्ट संपायच्या आतच निघाला असता तर सातच वर्षं धरली गेली असती आणि ५२,००० रुपये सोडावे लागले असते. तुमची पाच वर्षं भरायला काही महिनेच राहिले असतील तर सुट्टी तेवढी पुढे ढकला, कारण साधारणपणे पाच भरल्याशिवाय ग्रॅच्युइटी मिळतच नाही.

साठलेल्या रजेचे पैसे नोकरी सोडताना घेतले तर करात वेगळी सूट मिळते, नोकरीत असताना घेतले तर नाही. म्हणून शेवटच्या वर्षी रजा विकू नका.

या साडेनऊ लाखांपैकी दोन महिन्यांचा खर्च बचत खात्यात ठेवला, बाकीच्या मुदत ठेवी केल्या, दर तीन महिन्यांनी एक सुटेल अशा. शेअर बाजारात एक रुपयाही नाही. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावला नाही. नोकरी सुटली तरी त्या खात्यावर व्याज चालू राहतं, आणि नव्या कंपनीत पीएफच्या त्याच यूएएन क्रमांकावर पुढचे पैसे जमा होतात. तो काढला की पेन्शनसाठी मोजलेली वर्षंही त्याबरोबर जाऊ शकतात.

पगार खात्याकडेही बघा. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिलकीचा दंड लागू शकतो. हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर आधी बँकेत विचारून ठेवा. गृहकर्जाचा दर कमी करून घ्यायचा असेल किंवा ते दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर तेही पगाराच्या पावत्या मिळत आहेत तोवरच. नंतर बँकेचा माणूस तीन महिन्यांच्या पावत्या मागतो आणि आपल्याकडे जांभ्याचे फोटो असतात.

तिसरी पायरी: बिनपगारी रजा की राजीनामा

काही कंपन्या वर्षभराची बिनपगारी रजा देतात. मिळत असेल तर ती घ्यावी, पण कागदावर. "तू जा रे, आपलीच कंपनी आहे" हे साहेबाचं वाक्य त्या साहेबाची बदली होईपर्यंतच टिकतं. पत्रात पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: परतण्याची तारीख, परतल्यावरची श्रेणी, पगार किती धरणार, मधल्या काळात गट विमा चालू राहणार का, आणि हे वर्ष सेवेत मोजणार का. यातली एक जरी गोष्ट "तेव्हा बघू" अशी असेल तर ती नाही असंच धरून हिशेब करा. दुसरी बाजूही आहे. रजेवर असताना तुम्ही त्यांचेच कर्मचारी असता, त्यामुळे बाहेरचं छोटं कामसुद्धा करता येत नाही.

भावाच्या कंपनीने दोनच महिन्यांची रजा देऊ केली. त्याने २ जुलैला राजीनामा दिला, नव्वद दिवस मोजून ३० सप्टेंबर येतो म्हणून.

चौथी पायरी: विमा, आणि माझी चूक

कंपनीचा गट आरोग्य विमा साधारणपणे कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो. मला २०२२ मध्ये हे माहीत होतं, तरी मी म्हटलं, निघाल्यावर निवांत घेऊ. एप्रिलच्या मध्यावर घेतला, बाबांना धरून. सप्टेंबरात बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षांची प्रतीक्षा होती. साठ-सत्तर हजार खिशातून गेले, आणि त्या वर्षी माझ्या हिशेबात तेवढी जागा नव्हती.

नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून बाकी कशालाच संरक्षण नसतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी आणि ठरावीक ऑपरेशनांसाठी प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. भावाने नवरा-बायको-मुलाची पॉलिसी मार्चमध्ये घेतली, म्हणजे निघायच्या सहा महिने आधी.

मामींचा प्रश्न वेगळा होता. मधुमेह असलेल्या पासष्टीच्या बाईला नवी पॉलिसी महाग पडते आणि प्रतीक्षा पहिल्यापासून सुरू होते. इथे फार थोड्या लोकांना ठाऊक असलेला मार्ग आहे. गट विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि गटात काढलेली वर्षं प्रतीक्षेतून वजा होतात. कंपनी प्रकृती तपासून हप्ता ठरवते, नकारही देऊ शकते, त्यामुळे हातात वेळ हवा. नोटीस दिल्याच्या आठवड्यातच एचआरकडून गट पॉलिसीचा क्रमांक आणि मामी त्यात किती वर्षं होत्या याचं पत्र घ्या आणि अर्ज टाका. शेवटच्या आठवड्यात गेलात तर एचआरला तुमच्यात रस उरलेला नसतो. मामींना पॉलिसी मिळाली, हप्ता जास्त लावला, पण मधुमेहाची प्रतीक्षा राहिली नाही.

पाचवी पायरी: नोटीसचे नव्वद दिवस

परत येण्याची खरी तयारी इथे होते, अकराव्या महिन्यात नव्हे.

कागद आधी. कंपनीचा लॅपटॉप परत जाण्यापूर्वी पगाराच्या पावत्या, पगारवाढीची पत्रं, फॉर्म १६ आणि नेमणूक पत्र स्वतःच्या ईमेलवर घ्या. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभव पत्र शेवटच्या दिवशी मागा, कारण शेवटच्या हिशेबाला, म्हणजे फुल अँड फायनलला, काही आठवडे जाऊ शकतात आणि पत्रं त्यात अडकवून ठेवायची कंपन्यांना सवय असते. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का ते दोन महिन्यांनी बघा. टाकली नसेल तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर ती स्वतःला टाकता येते, आधारला जोडलेला मोबाइल हवा इतकंच. ही तारीख नसली की पुढच्या वर्षी खातं वर्ग करताना गाडी अडते, आणि नव्या कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत तुम्ही अजून जुन्या कंपनीतच आहात असं दिसतं.

मग कामाची टिपणं. कंपनीची ड्रॉइंग बाहेर नेता येत नाहीत आणि नेऊही नयेत. पण स्वतःच्या डोक्यात काय आहे ते लिहायला कोणी अडवत नाही. मी भावाला सहा प्रकल्प निवडायला सांगितले, प्रत्येकाचं एक पान, ग्राहकाचं नाव न घालता. मजले किती, जमीन कशी, अडचण कुठे आली, कोणते पर्याय होते, कोणता घेतला आणि का, आणि काय चुकलं. त्याच्या एका पानावर असं होतं: खाली चार मजले पार्किंग, वर फ्लॅट, पार्किंगचे खांब आणि वरचे खांब एका रेषेत येईनात म्हणून वरचं वजन खालच्या खांबांवर वळवणारी जाड तुळई, म्हणजे ट्रान्सफर गर्डर. गर्डरची खोली आधी १.८ मीटर धरली, मग पार्किंगची उंची कमी पडते म्हणून आर्किटेक्टशी तीन बैठका, शेवटी दोन खांबांची जागा बदलून ती १.५ वर आणली.

हे पान का लागतं? मी शेकडो मुलाखतींना बसले आहे. वर्षभर दूर राहिलेला माणूस पहिल्यांदा आकडे विसरतो. समोरचा विचारतो, गर्डरची खोली किती होती? आणि उत्तर येतं, "ते टीमने केलं होतं." या एका वाक्यावर तांत्रिक माणूस कागदावर फुली मारतो. त्याला वाटतं, यानं ते काम केलंच नाही. खरं तर यानंच केलेलं असतं, फक्त आठवत नसतं.

आणि माणसं. वीस-बावीस नावांची यादी करा, पण मोठ्या पदांच्या माणसांची नको. ज्यांनी तुमच्याबरोबर रात्री अकराला ड्रॉइंग तपासलंय त्यांची. त्यात जुने कनिष्ठ हवेतच, कारण पाच-सात वर्षांत तेच दुसरीकडे टीम चालवायला लागतात. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला वेगळा निरोप. भावाचा असा होता: "३० ला इथलं काम संपवतोय. वर्षभर गावच्या घराचं काम करणार आहे, पुढच्या ऑक्टोबरात परत टॉवरांवरच येणार. मधे जुन्या लाकडी छपराचं काही विचारायचं झालं तर हक्काने फोन कर." परतीचा महिना त्यात स्पष्ट आहे. तो नसला की लोक तुम्हाला निवृत्त धरतात.

सहावी पायरी: वर्षात आठवड्याचा एक दिवस

वर्षभर रोज दोन तास अभ्यास करीन, असा संकल्प करणाऱ्यांकडून आठवडाभरही तो होत नाही. आठवड्याचा एक ठरलेला दिवस पुरतो. भावाने बुधवार धरला.

त्याची मोठी अडचण सॉफ्टवेअरची. कंपनीत ईटॅब्स होतं, त्याचा परवाना कंपनीबरोबर गेला, आणि स्वतःचा घेणं परवडणारं नाही. मी म्हटलं, मग सॉफ्टवेअर बाजूला ठेव आणि जे सॉफ्टवेअर तुझ्यासाठी करायचं ते हाताने कर. २०१९ मधल्या एका सात मजली इमारतीची चौकट त्याने आठवणीने मांडली आणि दर बुधवारी तिचा एक भाग कागदावर आणि एक्सेलमध्ये सोडवला: एका बुधवारी तुळई, पुढच्या बुधवारी खांब, मग भूकंपासाठीची सळयांची रचना. आयएस ४५६ आणि आयएस १३९२० सारखी भारतीय मानकं भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की फुकट उतरवता येतात, त्यामुळे संदर्भाची अडचण आली नाही.

हात गंजतोय हे ओळखायचं कसं? घड्याळ लावून. पूर्वी चाळीस मिनिटांत होणाऱ्या खांबाला जानेवारीत त्याला दीड तास लागला. कारण ऑक्टोबर ते डिसेंबर एकही बुधवार पाळला गेला नव्हता. सुतार, जांभ्याची गाडी, दिवाळीचा पाडवा, सगळं बुधवारीच यायचं. जानेवारीपासून दिवसच बदलून सोमवार केला, त्या दिवशी सुतार येत नाही म्हणून. मार्चमध्ये वेळ पन्नास मिनिटांवर आली. चाळीसवर यायलाच हवी असं नाही.

गावच्या कामाचीही वही ठेवली. जांभ्याच्या भिंतीवर मागच्या पिढीत केलेलं सिमेंटचं प्लास्टर ओल आत कोंडत होतं. ते खरवडून चुन्याचं केलं. भिंतीवरच्या आडव्या लाकडाचा किती भाग वाळवीने गेला होता, नवं लाकूड जुन्याला कुठे आणि कसं जोडलं, कौलांचं वजन किती धरलं, हे सगळं मोजमापासह आणि आधी-नंतरच्या फोटोंसह. त्याने हे हौसेने केलं. मला त्यात मुलाखतीतलं दहा मिनिटांचं उत्तर दिसत होतं, पण ते मी तेव्हा त्याला सांगितलं नाही.

मधल्या काळात पैसे मिळणारं छोटं काम आलं तर घ्यावं का? एखादं घ्यावं. पण त्याचं उत्पन्न बारा लाखांच्या त्या मर्यादेत मोजलं जातं, आणि दोन-तीन कामं झाली की सुट्टी संपते, नोकरीही नसते, आणि आपण धड कुठलेच राहत नाही.

सातवी पायरी: दहाव्या महिन्यापासून परत

रेझ्युमेवर एक ओळ: "नियोजित विराम, ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६: कोकणातील जांभ्याच्या जुन्या घराची संरचनात्मक दुरुस्ती." मुंबईत पुष्कळजण या जागी "स्वतंत्र सल्लागार" असं लिहितात. लिहू नका. पार्श्वभूमी तपासणारे कामाचा पुरावा मागतात, आणि नसला की सुट्टीची गोष्ट खोटेपणाची होते. सुट्टीमुळे नाकारलेले उमेदवार मला फार आठवत नाहीत. लपवल्यामुळे नाकारलेले आठवतात.

नोकरीच्या संकेतस्थळांवरचं प्रोफाइल जुलैत उघडा आणि दर आठवड्याला त्यात एखादा शब्द तरी बदला. आमच्यासारखे लोक शोधताना अलीकडे हालचाल झालेले उमेदवार आधी बघतात. नोटीस पिरियडच्या जागी "१५ दिवस किंवा कमी" निवडा. हे तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे आणि बहुतेकांना ते कळतच नाही. नव्वद दिवसांच्या नोटीसमुळे आमच्या जागा तीन-तीन महिने रिकाम्या राहतात, त्यात कित्येक उमेदवार ऐनवेळी येत नाहीत. सोमवारी रुजू होऊ शकणारा अनुभवी माणूस दिसला की प्रकल्प प्रमुख स्वतः फोन करतो.

मुलाखतीत मी स्वतः काय केलं ते सांगते. २०२३ मध्ये पहिल्याच मुलाखतीत मला विचारलं, वर्षभर का थांबलात? मी दहा मिनिटं बोलले. बाबा, थकवा, मुलगी, वाचन. समोरचे गृहस्थ पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. ज्या गोष्टीचं इतकं स्पष्टीकरण द्यावं लागतं ती चूकच असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. आता मी सगळ्यांना दोन वाक्यं पाठ करायला सांगते: एक का थांबलो, एक ते काम संपलं. भावाचं असं आहे: "गावचं शंभर वर्षांचं घर मला स्वतः उभं राहून दुरुस्त करायचं होतं, त्यासाठी एक वर्ष ठरवून काढलं. ते काम मे महिन्यात संपलं." इथे थांबायचं. समोरच्याची खरी भीती असते की हा पुन्हा जाईल, आणि "संपलं" हा शब्द नेमका त्यावर येतो.

पगाराबद्दल. "सध्या पगार नाही ना, मग जुन्याच आकड्यावर या" हे वाक्य बहुतेक येतंच. उत्तर आधी ठरवा. मी जुन्या आकड्याला खाली जाऊ देत नाही, पण वर्षभरात इतरांना मिळालेली वाढ मागण्यातही वेळ घालवत नाही. त्याऐवजी पद आणि श्रेणी राखते, आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल असं ऑफर लेटरमध्ये लिहून घेते. एक पायरी खालच्या पदावर घेतलं तर ते भरून काढायला दोन-तीन वर्षं जातात, आणि पुढची प्रत्येक कंपनी तुम्हाला त्या खालच्या पदावरूनच मोजते. दहा टक्के कमी मिळालेला पगार एका उडीत भरून निघतो.

पहिल्या दोन मुलाखती जिथे फारसं जायचं नाही अशा कंपन्यांत द्या. तिथे जीभ सैल होते आणि यंदा काय विचारतात तेही कळतं.

सध्या मे चालू आहे. काल रात्री भावाने फोटो पाठवला, आढ्यावरची शेवटची कौलं बसली होती आणि मामी खाली हात कपाळाशी धरून वर बघत होत्या. जुलैत फोन सुरू करायचे आहेत. पहिला कोणाला, यावर आमचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो पवईच्या जुन्या साहेबांना, रीत म्हणून. मी म्हणते यादीतल्या त्या मुलाला, ज्याला यानं २०१९ मध्ये सळयांच्या मापांची यादी करायला शिकवलं. तो आता ठाण्याच्या एका कन्सल्टन्सीत आठ जणांची टीम चालवतो आणि त्याच्याकडे मार्चपासून एक जागा रिकामी आहे.